शनिवारचं श्रुतलेखन : पहिली ते चौथी, शब्दयाद्या आणि मार्क द्यायचे नियम

सर्व सर आणि मॅडमना नमस्कार. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला आपल्या केंद्राची श्रुतलेखन फेरी आहे, त्याआधीचे चार शनिवार सगळ्या शाळांनी एकाच यादीवरून सराव घ्यायचा असं ठरलंय, म्हणून ही यादी. नियम साहित्य महामंडळाचेच, १९६२चे आणि १९७२ला वाढवलेले, वेगळं काही काढलेलं नाही. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो कारण भांडणं तिथेच होतात. आपण बोलताना ‘सून’ आणि ‘सुनेला’ यातला ऊ-उ कुणालाच कानानं वेगळा कळत नाही, आपल्यालाही नाही. ‘घर’चं ‘गर’ लिहिलं तर पोराला ऐकू आलं नाही किंवा अक्षर येत नाही, पण ‘सुन’ लिहिलं तर त्याला नियम माहीत नाही, आणि नियम आपण शिकवलाच नसेल तर मार्क कुणाचे कापायचे? म्हणून ऐकू येणारी चूक आणि न येणारी चूक वेगळी मोजायची, सगळी मार्किंग त्यावरच आहे.

शब्द कसा सांगायचा

शब्द, मग त्याचं छोटं वाक्य, मग परत शब्द. बस. ‘पाणीऽऽऽ’ असं ओढून दीर्घ सुचवायचं नाही, आणि ‘सूऽऽर्य, सूऽऽर्य’ करत बाकांमधून फिरायचं नाही. पहिली-दुसरीला एका शब्दाला साधारण २० सेकंद, तिसरी-चौथीला १० ते १२. दोनशिक्षकी शाळेत चारही वर्ग एकदम बसत असतील तर आधी पहिली-दुसरीचं उरका, तोवर मोठ्यांना पाढे द्या. सगळं झाल्यावर पूर्ण यादी एकदा वाचायची, सुटलेला शब्द तेव्हा भरता येतो.

प्रत्येक वर्गाला २० शब्द (१० सोपे, ६ मधले, ४ अवघड, त्या-त्या गटातून चिठ्ठ्या टाकून) म्हणजे २० मार्क, आणि वाक्य किंवा उतारा १० मार्क. एकूण ३०.

इयत्ता पहिली

सोपे: घर, नळ, फणस, मगर, कमळ, गवत, सरळ, आई, बाबा, शाळा, कान, गाजर, कावळा, छान, ससा

मधले: पाटी, माती, चिमणी, पेरू, वाळू, केळी, मोर, पोळी, बैल, पैसा, गौरी

अवघड: आंबा, पंखा, भेंडी, डोळे, लोणी, पाऊस, बॅट, चौकोन

वाक्यं: आई मला गरम पोळी देते. आमचा पांढरा ससा गाजर खातो.
(दहा शब्द, प्रत्येकी १ मार्क.)

पहिलीला वेलांटी-उकार पहिला की दुसरा याचे मार्क कापायचे नाहीत, ‘पाटि’ लिहिलं तरी १. पण वेलांटी लिहिलीच नाही, ‘पाट’ झालं, तर शून्य, कारण ती ऐकू येते. आपल्याकडे घरी ‘डोये’, ‘केयी’ बोलतात, पोरगं ते तसंच लिहिणार, त्याला अर्धा मार्क द्या आणि वर्गात हसू देऊ नका. त्यानं ऐकलं बरोबर, लिहिलं आपल्या बोलीत. ‘लोनी’लाही तेच.

इयत्ता दुसरी

इथे शब्द जोडीजोडीनं घेतलेत, म्हणून मधल्याच्या चिठ्ठ्या आधी काढा आणि ‘फुले’ची निघाली तर सोप्यात ‘फूल’चीही त्याच दिवशी घ्या, नाहीतर पोरं ‘फूल’ पाठ करून मोकळी होतात आणि ‘फूले’ लिहायला लागतात.

सोपे: फूल, मूल, खीर, सून, धूळ, दूध, पीठ, बहीण, जमीन, गरीब, वकील, सूप

मधले: फुले, मुले, सुनेला, धुळीत, दुधात, पिठाची, बहिणीला, जमिनीवर, गरिबाला, वकिलांनी, किडा, सुरी, विळी, महिना

अवघड: भिंत, चिंच, उंट, सुंठ, पुस्तक, सुट्टी, मुक्काम, रस्ता, गोष्ट, घड्याळ, खिडक्या, आणि

मुलांना एवढंच सांगून ठेवा: शेवटचं अक्षर साधं असेल तर त्याच्या आधीची वेलांटी-उकार दुसरा (खीर, दूध), त्याच अक्षराला काना-मात्रा-वेलांटी काही आलं की आधीचा पहिला होतो (दुधात, पिठाची). पुढे अनुस्वार किंवा जोडाक्षर असेल तर पहिला, म्हणून भिंत आणि पुस्तक. शब्दाच्या शेवटी नेहमी दुसरा, अपवाद ‘आणि’, तो मुद्दामच अवघडमध्ये टाकलाय. हे मराठमोळ्या शब्दांपुरतं हं, ‘गुण’ आणि ‘प्रिय’ यात बसत नाहीत, ते चौथीत येतात, दुसरीला कुणी विचारलं तर मोठं झाल्यावर सांगतो म्हणा.

वाक्यं: बहिणीने फुलांचा हार केला आणि गरम खीर वाढली. मुले जमिनीवर बसून जेवली. नंतर सगळे गोष्ट ऐकायला आजीजवळ गेले.

इयत्ता तिसरी

सोपे: वर्ग, सूर्य, पर्वत, गर्दी, खुर्ची, ग्रह, चक्र, प्रकाश, मित्र, पत्र, ट्रक, ऑफिस

मधले: कृपा, वृक्ष, पृथ्वी, दृश्य, ऋतू, पुऱ्या, दुसऱ्या, चेहऱ्यावर, दर्या, दऱ्या

अवघड: राष्ट्र, विद्यार्थी, उद्या, शुद्ध, प्रसिद्ध, चिन्ह, विज्ञान, क्षेत्र, शिक्षक, परीक्षा, आशीर्वाद

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वाक्याशिवाय सांगूच नका. ‘कोळी दर्यात होडी घालतो’ आणि ‘सातपुड्यात खोल दऱ्या आहेत’, ही वाक्यं सगळ्यांनी सारखीच वापरा. उच्चारात रफाराच्या आधीच्या अक्षरावर जोर येतो आणि ऱ्य च्या आधीच्या अक्षरावर येत नाही, हे तिसरीतल्या पोरांच्या कानाला दाखवलं की कळतं, वेलांटीसारखं नाही, त्यामुळे इथे चूक झाली तर सूट कमी.

उतारा: पहाटे पाऊस थांबला. सूर्य वर आला तसा सातपुड्याच्या दऱ्यांमध्ये प्रकाश पसरला. शेतकऱ्यांनी बैल सोडले. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, म्हणून आम्ही वर्गात शुद्धलेखनाचा सराव केला.

इयत्ता चौथी

सोपे (नावालाच): गुण, विष, प्रिय, हित, मधुर, कुसुम, मंदिर, परिणाम, नागरिक, सामाजिक, ऐतिहासिक, शरीर, नवीन, संगीत, प्रतीक

हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून दुसरीतला नियम इथे लागत नाही. ‘सामाजिक’सारखे इक लागून झालेले सगळे पहिल्या वेलांटीचे, पण ‘प्रतीक’ तसा झालेला नाही, तिथे हुशार पोरंही फसतात.

मधले (जोडीनंच): कवी आणि कविसंमेलन, गुरू आणि गुरुजन, बुद्धी आणि बुद्धिबळ, शक्ती आणि शक्तिमान, भूमी आणि भूमिपूजन, विद्यार्थी आणि विद्यार्थिनी. शिवाय परंतु, तथापि. आणि ऐकायला सारख्या तीन जोड्या, वाक्यांसकट:
दिन: आज बालदिन आहे, त्यातला दिन. दीन: तो दीन माणूस उपाशी होता.
शिर: शिर म्हणजे डोके. शीर: हाताची शीर दुखावली.
सुत: सुत म्हणजे मुलगा. सूत: चरख्यावर सूत काततात.

अवघड: स्वातंत्र्य, उज्ज्वल, महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व, जीवनसत्त्व, दुःख, अंतःकरण, ज्येष्ठ, वैशिष्ट्य, क्वचित, ऊर्जा

उतारा: संत गाडगेबाबा यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यात झाला. दिवसा हातात खराटा घेऊन ते गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांना स्वच्छतेचे महत्त्व पटवून देत. दुःखी, भुकेल्या माणसांसाठी त्यांनी अंतःकरणापासून काम केले. गरिबांच्या मुलांनी शिकावे असे ते सांगत, परंतु स्वतःसाठी त्यांनी काहीही ठेवले नाही.

मार्क कसे द्यायचे

पूर्ण बरोबर शब्दाला १. एका शब्दात अर्ध्या मार्काच्या दोन चुका असतील तर शून्य, उणे मार्क कुठेच नाहीत.

ऱ्हस्व-दीर्घ: पहिलीला माफ. दुसरी-तिसरीला अर्धा कापा. चौथीला पहिली-दुसरीच्या यादीसारखा मराठी शब्द (बहीण, फुले) चुकला तर शून्य, संस्कृत शब्द चुकला तर अर्धा, कारण ते पाठांतरावर आहेत. ‘दिन-दीन’सारख्या जोडीत मात्र उलटं लिहिलं तर शून्यच, तिथे अर्थच बदलतो.

अनुस्वार सुटला: पहिली-दुसरीला अर्धा, पुढे शून्य.

न-ण, ल-ळ, श-ष: सगळ्या वर्गांना अर्धा.

रफार चुकीच्या अक्षरावर गेला किंवा ‘राष्र्ट’ झालं तर शून्य. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ तिसरीला अर्धा, चौथीला शून्य. ‘महत्व’ असा एक त खाल्ला तर अर्धा, अहो निम्म्या बॅनरवर तसंच असतं, पोरं तेच बघतात. विसर्ग सुटला तर अर्धा.

द्य, द्ध, ट्ट हे जोडून लिहा नाहीतर पाय मोडून एकापुढे एक लिहा, दोन्ही चालेल. पाय न मोडता ‘विदयार्थी’ लिहिलं तर अर्धा कापा.

ल आणि श कुठल्याही वळणाचा असो, पाकळीचा, देठाचा की दुसरा, मार्क कापायचे नाहीत. २००९च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श दिलाय, शिकवताना तोच शिकवा, पण श्रुतलेखनात ते तपासायचं नाही. शिरोरेषा नाही, अक्षर वाकडं, ओळ सुटली, याचे मार्क नाहीत. खोडून परत लिहिलं तर शेवटचं धरा, गिरवून दोन्ही वाचता येत असतील तर शून्य.

दुसरीपासून वाक्यात आणि उताऱ्यात १० पासून सुरुवात, दर चुकीला अर्धा वजा, तोच शब्द तसाच परत चुकला तर एकदाच. वर ज्याला माफी आहे ती इथेही. पूर्णविराम फक्त चौथीला मोजा, स्वल्पविराम कुणालाच नको. आकडा अक्षरात लिहिला तरी चालेल. वाचताना ‘मुले’, ‘केले’ असं पुस्तकातलंच रूप वाचा, आणि कुणी ‘मुलं’ लिहिलं तर तिसरीपर्यंत माफ, चौथीला अर्धा.

नमुना म्हणून तिसरीचा एक पेपर बघा. १४ शब्द बरोबर, ‘सुर्य’, ‘दुसर्या’, ‘परिक्षा’, ‘विदयार्थी’ यांचे अर्धे-अर्धे म्हणजे २, ‘राष्र्ट’ आणि ‘उद्दया’ शून्य. शब्दांचे १६. उताऱ्यात तीन चुका, ८.५. एकूण २४.५, आणि त्याचे २५ करायचे नाहीत.

२६ आणि वर असेल तर पुढच्या शनिवारी त्याला वरच्या वर्गाचे चार सोपे शब्द जास्तीचे द्या, मार्क न धरता. १८ ते २५.५ असेल तर ज्या प्रकारच्या चुका झाल्या त्याच प्रकारचे दहा शब्द वहीत, चुकलेला शब्द दहा वेळा लिहायची शिक्षा नको, ‘सुर्य’ चुकला तर सूर्य, पूर्व, मूर्ती, पूर्ण असे. १८च्या खाली असेल तर खालच्या वर्गाच्या यादीवर बसवा, पहिलीचं मूल असेल तर सोप्या गटावरच ठेवा.

केंद्राच्या फेरीत सारखे मार्क आले तर अवघड गटाचे मार्क बघायचे, तरी सारखे असतील तर उताऱ्याचे, तरीही सारखे तर नंबर वाटून. सुंदर अक्षरावर नंबर ठरवायचा नाही. आपल्या शाळेचे पेपर आपण तपासायचे नाहीत, गठ्ठे शेजारच्या शाळेशी बदला. हरकत असेल तर त्याच दिवशी, पेपर समोर ठेवून. शनिवारी गैरहजर असलेल्या मुलाचं सोमवारी परिपाठानंतर घ्या, पण चिठ्ठ्या नव्यानं काढा, कारण तोवर सगळे शब्द त्याच्या गल्लीत पोचलेले असतात.