हलला त्याने पाणी भरायचं: रविवारच्या रीलची कन्सेप्ट

राजेहो, रविवारच्या शूटच्या आधी हे एकदा पूर्ण वाचून घ्या. नंतर ग्रुपवर "स्टेप कोणती होती बे?" विचाराल तर उत्तर मिळणार नाही.

आयडिया अशी. सगळे कूलरसमोर मस्त वारा खाऊन राहिले. तेवढ्यात लाइट जाते. जो जसा आहे तसाच थिजतो. पाच सेकंदांत जो हलला, त्याने कूलरमध्ये पाणी भरायचं. झालं, एवढंच.

आता काहींना वाटेल, हे तर लहान पोरांचं स्टॅच्यू-स्टॅच्यू झालं. हो, तेच आहे आणि म्हणूनच चालेल. गॅदरिंगला आपण लिफ्टवाला डान्स केला तेव्हा टाळ्या जोरात पडल्या, पण घरी जाऊन तो कोणी करून पाहिला का? ट्रेंड चालायचा तर पाहणाऱ्याला लगेच वाटलं पाहिजे की हे मीही करतो, आत्ताच, याच कपड्यांत. आणि त्याला स्वतःचं काही घालायला जागा पाहिजे. इथे प्रत्येकाची थिजलेली पोज वेगळी आणि हलणारा माणूस वेगळा, त्यामुळे शंभर लोकांनी केलं तरी शंभर वेगळे व्हिडिओ होतील. शिवाय एप्रिल ते जून नागपुरात असं एक घर दाखवा, जिथे "कूलरमध्ये पाणी कोण टाकणार" यावरून भांडण होत नाही. नवतपा लागला की तर विचारूच नका. विषय लोकांच्या घरात आधीच आहे, आपण फक्त त्याला ठेका लावून राहिलो.

ऑडिओ आपलाच बनवायचा. फिल्मचं गाणं नको. एक तर हक्कांची भानगड होऊन आवाज म्यूट होऊ शकतो आणि दुसरं म्हणजे ट्रेंड आपल्या नावावर राहत नाही. ओरिजिनल ऑडिओ टाकला आणि अकाउंट पब्लिक ठेवलं, तर कोणीही Use audio दाबून तोच आवाज घेऊ शकतो आणि मूळ रील आपलीच दिसते. ठेका मिनिटाला ९६ मात्रांचा ठेवू. या लयीत आठ मात्रांना बरोबर ५ सेकंद लागतात, त्यामुळे मोजायला सोपं जातं आणि आजीलाही पकडता येतं. आठाचे पाच तुकडे, म्हणजे एकूण २५ सेकंद. ठेका बेंचवर वाजवायचा, मधे रिकाम्या स्टीलच्या बादलीचा ठण्ण. पहिल्या तीन तुकड्यांत मागे हॉस्टेलच्या जुन्या कूलरचा घर्रर्र आवाज सतत पाहिजे. तो खरा रेकॉर्ड करायचा, नेटवरून उचलायचा नाही. कारण सगळी मजा तो अचानक बंद होण्यात आहे.

बोल असे आहेत, आणि ओठ यावरच हलवायचे:

पाणी टाक बे, पाणी टाक!
इकडे फिरव! — अबे, इकडे फिरव!
आहाहा… काऽय वारा आहे!
(टक. टप… टप… टप… टप…)
गेली बे लाइट! कोण हललं? तू! तू! तू!

आवाज सायलीचा आणि वसंतनगरवाल्या अथर्वचा. "बे" दाबून म्हणा, पुण्यावाल्यांना समजेल की नाही याची चिंता करू नका. समजते.

आता स्टेप. नियम एकच ठेवा: एका हालचालीला दोन मात्रा. म्हणजे आठ मात्रांत फक्त चार गोष्टी करायच्या. याच्यापेक्षा जास्त काही घातलं तर मी एडिटमध्ये कापणार.

पहिला तुकडा पाण्याचा. एक-दोनवर गुडघ्यात वाकून दोन्ही हातांनी बादली धरायची. तीन-चारवर खांद्यापर्यंत उचलायची, पाच-सहावर बाजूला ओतायची, सात-आठवर रिकामी बादली खाली आपटायची. बादली हवेतलीच आहे, पण वजन दिसलं पाहिजे. उचलताना तोंड वाकडं होतं ना आपलं, तसंच होऊ द्या. ओतताना मात्र हात हलके होत गेले पाहिजेत. एवढं जमलं की नाचता न येणारा माणूसही भारी दिसतो.

दुसरा तुकडा भांडणाचा. ग्रुपचे दोन भाग करायचे. एक-दोनवर फाटकाकडचे लोक दोन्ही तळहातांनी कूलर आपल्याकडे ओढतात: "इकडे फिरव!" तीन-चारवर झाडाकडचे ओढतात: "अबे, इकडे फिरव!" पुढच्या चार मात्रांत हेच परत, पण दुप्पट रागात. ज्यांची ओढायची पाळी नाही त्यांनी समोरच्या बाजूला झुकायचं, जणू आपणच ओढले जातोय. मी मुद्दाम डावं-उजवं लिहिलं नाही. समोरच्या कॅमेऱ्यात उलटं दिसतं आणि शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. ज्याने त्याने आपल्या खोलीतलं दार आणि खिडकी धरावी.

तिसरा तुकडा वाऱ्याचा, आणि यात घाई करू नका. एक-दोनवर कॉलर किंवा ओढणीचं टोक दोन बोटांत धरून पुढे ओढायचं, म्हणजे वारा आत जाईल असं. तीन-चारवर दोन्ही हात पसरायचे. पाच-सहावर मान मागे आणि डोळे बंद, आणि ओठांवर तो लांबलेला "काऽय". सात-आठवर आरामात डोलायचं. दुपारी दोनला वर्धा रोडवरून गाडी चालवत घरी आल्यावर कूलरसमोर उभं राहतो तेव्हा चेहऱ्यावर जे सुख येतं, ते इथे पाहिजे. हसू नका, हसणं नंतर आहे. डोलताना प्रत्येकाने थोडी अडचणीची पोज पकडायची: एक पाय वर, कंबर वाकडी, हात अर्धवट. कारण पुढच्याच मात्रेला तुम्ही अडकणार आहात.

चौथा तुकडा म्हणजे पूर्ण ट्रेंड. "टक" झालं की कूलरचा आवाज बंद, ठेका बंद, माणूस बंद. पाच सेकंद. ऑडिओ पूर्ण शांत ठेवला तर लोकांना वाटेल मोबाइलच बिघडला, म्हणून कूलरच्या ताटीतून पाणी टपकायचा आवाज ठेवला आहे. चार थेंब, एक-तीन-पाच-सातवर. मनातल्या मनात मोजायलाही तेच कामी येतात. डोळे मिचकावले तर चालेल, पण बुबुळं फिरली की बाद. आपल्या मूळ रीलमध्ये कोण हलणार ते ठरवून ठेवायचं नाही. खरंच जो हलेल तो. ठरवून हललेलं लगेच ओळखू येतं.

पाचवा तुकडा सोपा. "गेली बे लाइट!"वर कपाळावर हात, "कोण हललं?"वर कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे पाहायचं, "तू! तू! तू!"वर सगळ्यांची बोटं एका माणसाकडे, आणि शेवटच्या दोन मात्रांत त्याच्या हातात खरी बादली. तो वाकतो आणि तिथेच रील संपते. पहिली स्टेपही वाकूनच सुरू होते, त्यामुळे रील परत सुरू झाली तरी जोड दिसत नाही. एडिट करणाऱ्याने हे एक जपायचं. शेवटी आपलं नाव, लोगो, थँक्यू, काही टाकायचं नाही.

कॅमेरा स्टँडवर, उभा, कमरेच्या उंचीवर, पूर्ण ग्रुप पायापासून डोक्यापर्यंत. मुख्य टेकमध्ये एकही कट नाही. कट दिसला तर लोकांना वाटेल आपण हललेले लोक काढून टाकले. पहिल्या दोन सेकंदांत स्क्रीनवर फक्त "हलला त्याने पाणी भरायचं" एवढंच लिहायचं, आणि वर-खाली जागा सोडून, नाहीतर बटणांखाली जातं. ओढण्या उडायला पाहिजेत, तर फ्रेमबाहेर दोघं पुठ्ठे हलवतील.

कूलर हॉस्टेलचाच आणू, पत्र्याचा, निळ्या रंगाचा. पण त्याची पिन काढलेली असेल आणि टाकीत थेंबभर पाणी नसेल. पत्र्याच्या कूलरला ओले हात लावून करंट बसल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तोच प्रकार लोक आपलं पाहून करतील, म्हणून कॅप्शनमध्येही लिहायचं: पिन काढा, मगच पाणी भरा.

जागा कॉलेजचं मागचं ग्राउंड. फुटाळ्यावर करू असं दोघा-तिघांचं म्हणणं आहे, पण तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि मागे तलाव दिसला की गरमीची गोष्टच मरते. झिरो माइलला ट्रॅफिक, मेट्रोत परवानगी. दीक्षाभूमी किंवा टेकडी गणपतीच्या आवारात तर विषयच नाही, ती रील करायची जागा नाही. फुटाळ्याला हवं तर नंतर दुसरं व्हर्जन करू.

वेळ सकाळी ६.३०. आठच्या आत संपवायचं. आठनंतर ऊन चढतं, सगळ्यांचे डोळे बारीक होतात आणि नवव्या टेकला कोणीतरी चक्कर येऊन खरंच थिजतो. प्रत्येकाने पाण्याची बाटली आणायची. कपडे घरातले: टी-शर्ट, बरमुडा, सुती कुर्ता, गळ्यात दुपट्टा किंवा गमछा. मॅचिंग नको. मॅचिंग दिसलं की पाहणारा म्हणतो, "यांचा ग्रुप आहे, आपल्याने नाही होणार."

टाकल्यावर पहिले दोन दिवस काय करायचं ते महत्त्वाचं आहे. मेसच्या काकूंना घेऊन एक, लायब्ररीत बसल्या बसल्या एक (खुर्चीत बसून फक्त हातांनीही पूर्ण होतं, ते मुद्दाम दाखवायचं), आणि प्रत्येकाने आपल्या घरच्यांसोबत एक. आजोबांना थिजवा, ते कधीच हलत नाहीत आणि कमेंट्स त्यावरच येतात. सर तयार झाले तर सोन्याहून पिवळं, पण मागे लागू नका. टॅग फक्त #हललातोपाणीभरेल. दहा-दहा हॅशटॅग टाकून भिंत भरू नका.

शनिवारी पाच वाजता ग्राउंडवर प्रॅक्टिस, अर्धा तास. ज्यांना पहिली स्टेप येते त्यांनी उशिरा आलं तरी चालेल, पण थिजायची प्रॅक्टिस सगळ्यांची होईल. बादली अथर्वने आणायची आहे. स्टीलची आण बे, प्लास्टिकची नको, ठण्ण वाजत नाही.