संदर्भसूची तपासून मिळण्याबाबत

मा. ग्रंथपाल,
बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार सर,

मी इतिहास अधिविभागाची पीएच.डी. विद्यार्थिनी. ‘करवीर संस्थानातील विद्यार्थी वसतिगृहे’ हा माझा प्रबंध येत्या 24 तारखेला अंतिम स्वरूपात सादर करायचा आहे. त्याआधी संदर्भसूचीवर आपली एक नजर पडावी, ही विनंती. एकूण 212 नोंदी आहेत. सगळ्या बघा म्हणायचं धाडस नाही.

आधुनिक पुस्तकं, लेख APA च्या सातव्या आवृत्तीनुसार Zotero मधून घेतलेत, ते बहुधा ठीक आहेत. घोडं अडलंय जुन्या मराठी साधनांपाशी. काही पुस्तकांवर फक्त शके आहे. शके 1823 म्हणजे 1901 की 1902? छपाईचा महिना नसेल तर ठरत नाही. सध्या मी शके तसाच ठेवून कंसात ‘1901-02’ लिहिलंय, चालेल का? दुसरं, 26 जुलै 1902 चा आरक्षणाचा जाहीरनामा. करवीर सरकारच्या गॅझेटमधला म्हणून लेखकाच्या जागी कोण, संस्थान की गॅझेट? नोंद 87 पाहावी. शिवाय एकच लेखक मराठीत एका आडनावाने आणि इंग्रजीत दोन स्पेलिंगांनी आलाय. तो तीन माणसं वाटतो!

अडलेल्या 31 नोंदींवर पिवळी खूण केली आहे. छापील प्रत सोबत जोडली आहे, पेन्सिलीने खुणा केल्या तरी पुरे. सोमवारी किंवा मंगळवारी दुपारी तीननंतर येऊ का?

आपली नम्र,
संशोधक विद्यार्थिनी, इतिहास अधिविभाग