विषय: गूळ पॅकेजिंगचं सुधारित बिल – क्र. ३१-अ (आधीचं क्र. ३१ रद्द)

अजितदादा, नमस्कार.

सोमवारी पाठवलेल्या बिल क्र. ३१ मध्ये गूळ पावडरच्या पाऊचचं काम धरायचं राहिलं आहे. सुधारित बिल सोबत जोडलं आहे. एकूण रक्कम २६,००० ऐवजी ३३,५०० रुपये होते.

बिल मी मूळ कोटेशन समोर ठेवून केलं होतं. त्यात लोगो आणि दोन बॉक्स एवढंच होतं. पाऊच नंतर ठरला. १४ ऑक्टोबरला फोनवर आपलं बोलणं झालं, त्याच संध्याकाळी मी ७,५०० चा दर व्हॉट्सॲपवर कळवला आणि तुमचा 'चालेल, करा' असा निरोप आला. तो स्क्रीनशॉटही जोडला आहे, हिशेब बघणाऱ्या काकांना दाखवायला बरा पडेल.

सुधारित हिशेब असा:

लोगोची नवी मांडणी – ८,०००
१ किलो बॉक्स – १२,०००
अर्धा किलो बॉक्स (त्याच डिझाइनवरून) – ६,०००
गूळ पावडर पाऊच, ५०० ग्रॅम, पुढची-मागची बाजू – ७,५००
एकूण – ३३,५००
ॲडव्हान्स जमा – १०,०००
बाकी – २३,५०० रुपये

पहिल्या तीन ओळींत एका रुपयाचाही फरक नाही. मी जीएसटीत नोंदणीकृत नसल्याने कर लागलेला नाही, तो आधीच्या बिलातही नव्हता.

काका विचारतील की अर्धा किलोच्या बॉक्सपेक्षा पाऊच महाग कसा. बॉक्स मोठ्यावरूनच बेतला होता, पाऊच मात्र कोऱ्या पानापासून केला. ढेपेच्या आकाराची पारदर्शक खिडकी तुम्हाला हवी होती, ती पहिल्या नमुन्यात वरच्या झिपमध्ये अडकत होती म्हणून खाली घेतली. मग मागच्या बाजूला जागा उरेना. एफएसएसएआयचा लायसन्स नंबर, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, एमआरपी, पोषणमूल्यांचा तक्ता, सगळं वाचता येईल अशा अक्षरात बसवायचं म्हणजे ती बाजू पुन्हा मांडावी लागली. उद्यमनगरातल्या प्रेसला गेलेली फाइल तीच. (घरी पाठवलेली ढेप हिशेबात वळती केलेली नाही, ती आईने केव्हाच ताब्यात घेतली!)

जुन्या बिलाप्रमाणे १६,००० पाठवले असतील तर ते राहू द्या, फक्त ७,५०० वेगळे पाठवा, मी दोन्ही रकमा ३१-अ वरच जमा दाखवीन. अजून पाठवले नसतील तर २३,५०० एकदम चालतील. बँक खातं आणि यूपीआय तेच आहे. पैसे देण्याची मुदत नवीन बिलाच्या तारखेपासून १५ दिवस धरली आहे, म्हणजे तुम्हाला घाई होणार नाही.

क्र. ३१ नोंदवून झालं असेल तर ते रद्द करून ३१-अ घ्यायला काकांना सांगा, नाहीतर वर्षअखेरीला दोन्ही बिलं मोजली जातील. त्यांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीने हवं असेल तर मला थेट फोन करू देत. दुबार कामाच्या तसदीबद्दल क्षमस्व.

पाऊचचा छापील नमुना प्रेसकडून आला की तुमच्याकडे घेऊन येते. रंग पाहून होकार दिलात की पुढची छपाई सुरू करायला सांगते.

आपली,
स्नेहल
ग्राफिक डिझायनर, कोल्हापूर

सोबत: सुधारित बिल क्र. ३१-अ, १४ ऑक्टोबरच्या संदेशाचा स्क्रीनशॉट