प्रकल्प अनुभव

कास्टिंग रिजेक्शन कमी करणे
क्वालिटी इंजिनिअर, ग्रे आयर्न फाउंड्री, उद्यमबाग, बेळगाव
जून 2022 ते जानेवारी 2023

व्याप्ती: पंप हाउसिंगचे 4 पार्ट, महिन्याला सुमारे 9,000 नग. वाळू तयार करण्यापासून फेटलिंगपर्यंतची पूर्ण लाइन.

टीम: 6 जण. त्यात 2 मोल्डिंग सुपरवायझर, 1 लॅब टेक्निशियन, 2 इन्स्पेक्टर आणि मी. डेटा गोळा करणे, कारणांचे विश्लेषण आणि चाचण्यांचे नियोजन माझ्याकडे होते. पॅटर्नमधील बदल टूल रूमने केले.

काम: तीन महिन्यांच्या नोंदींचा पॅरेटो काढल्यावर निम्म्याहून जास्त रिजेक्शन ब्लोहोलचे निघाले. वाळूतला ओलावा शिफ्टमध्ये एकदाच तपासला जाई आणि पावसाळ्यात तो 4.5 टक्क्यांवर जात असे. तपासणी दर दोन तासांनी सुरू केली, मर्यादा 3.2 ते 3.8 टक्के ठेवली, दोन पार्टना जादा व्हेंट दिले. नोंदीचे तक्ते मराठी आणि कन्नड दोन्हींत छापले. मोल्डरनी ते स्वतः भरायला सुरुवात केली, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच पडला.

निकाल: रिजेक्शन 7.8 टक्क्यांवरून 4.6 टक्क्यांवर. ब्लोहोलची ग्राहक तक्रार शेवटच्या तीन महिन्यांत एकही नाही.

साधने: एक्सेल, मिनीटॅब, कंट्रोल चार्ट, फिशबोन, मॉइश्चर टेलर, पर्मिएबिलिटी मीटर.

पदविका प्रकल्प, 2021
ड्रिलिंग जिग, 3 विद्यार्थी. डिझाइन माझे, सॉलिडवर्क्समध्ये. प्रतिनग वेळ 95 सेकंदांवरून 60 वर.