पाणी तुंबणं आणि निचरा परिषद : शुक्रवारचं वेळापत्रक

मंडळी, लॉबीतल्या फळ्याचा फोटो ट्यूबलाइटच्या चकाकीने निम्मा पांढरा आलाय, म्हणून सगळं टाइप करून टाकतेय. मार्करने खोडून केलेले बदल यात धरलेत. चकाकीखालच्या वेळा नोंदणीच्या टेबलावर विचारून घेतल्या.

दालनांना आपल्या नद्यांची नावं दिली आहेत. मिठी आणि ओशिवरा पहिल्या मजल्यावर, पोईसर आणि दहिसर दुसऱ्यावर. लिफ्ट एकच आहे, जिनाच बरा.

८.३० ते ९.३० नोंदणी, चहा-नाश्ता (लॉबी)

९.३० ते १०.०० उद्घाटन (मुख्य सभागृह, तळमजला)

१०.०० ते ११.१५ बीजभाषण : ताशी २५ वरून ५० मिमी, ब्रिमस्टोवॅडचा हिशेब (मुख्य सभागृह)
नव्या मुलांनी हे चुकवू नका. जुनी गटारं ताशी २५ मिमी पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, असं धरून बांधलेली. हे डोक्यात बसलं की पुढची सगळी सत्रं सोपी जातात.

११.१५ ते ११.३० चहा

११.३० ते १२.४५ (तिन्ही एकाच वेळी)
• मिठी : २६ जुलै २००५, चितळे समितीच्या शिफारशी कागदावर आणि जमिनीवर. फळ्यावर आधी 'दहिसर' होतं, ते खोडलंय.
• ओशिवरा : नालेसफाईचा गाळ, मोजायचा कसा आणि टाकायचा कुठे
• पोईसर : पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून पाणी तुंबण्याचा अंदाज

आपण वाटून घेऊ. कंत्राटांचं काम बघणाऱ्यांनी ओशिवरा गाठा, गाळाच्या वजनावरून तिथे वाजणार हे नक्की. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला त्यावर आपण पुष्कळ वाचलंय, त्यामुळे मिठीत एकजण बसला तरी चालेल.

१२.४५ ते १.४५ जेवण (तिसरा मजला, कूपन बॅजच्या मागे)

१.४५ ते ३.००
• मिठी : हिंदमाता, भूमिगत टाक्या भरल्यावर पुढे काय?
• दहिसर : दहिसर नदी, राष्ट्रीय उद्यानापासून खाडीपर्यंत

३.०० ते ३.१५ चहा

३.१५ ते ४.३० उदंचन केंद्रं : भरती आणि मुसळधार एकदम आली तर (मुख्य सभागृह)
हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी सहाही केंद्रं फळ्यावर लिहिली आहेत. सव्वा तासात सहा म्हणजे प्रश्नांना वेळ उरणार नाही. असतील ते आधीच चिठ्ठीवर लिहून द्या.

४.४५ ते ५.३० खुली चर्चा (मुख्य सभागृह). प्रमाणपत्रं यानंतरच मिळतील, त्यामुळे ४.५० ची लोकल विसरा.

शनिवारचा फळा अजून लागलेला नाही. माहीमच्या खाडीची पाहणी ओहोटी बघून ठरवणार आहेत, एवढंच टेबलावर कळलं. बूट आणा, चपला नकोत.