लाल डोळा: एका तक्त्यात

(तिसरे वर्ष, नेत्ररोग, ग्रामीण रुग्णालयाच्या पोस्टिंगआधी वाचायच्या नोट्स)

लेक्चरमध्ये हा विषय शरीररचनेच्या क्रमाने झाला: आधी कंजंक्टिव्हा, मग कॉर्निया, मग आयरिस, शेवटी काचबिंदू. परीक्षेला तो क्रम चालतो. ओपीडीत मात्र पेशंट "डोया लाल झाला" एवढंच सांगत येतो, थर सांगत नाही. म्हणून त्याच नोट्स इथे उलट्या बाजूने लावल्या आहेत. तक्ता उघडण्याआधी चार गोष्टी बघायच्या: दिसतं किती, दुखतं किती, बाहुली कशी आहे आणि लाली कुठे आहे.

दृष्टी पहिल्यांदा तपासा, औषध टाकण्याआधी. भिंतीवर चार्ट नसेल तर बोटं मोजायला सांगा आणि अंतर लिहा. एकेक डोळा वेगळा तपासा, दुसरा तळहाताने झाका. बोटांच्या फटीतून पेशंट बघतो आणि आकडा खोटा येतो.

लालीचे दोन प्रकार नीट ओळखले की निम्मं काम होतं. कंजंक्टिव्हाची लाली विटकरी-लाल असते, पापणीच्या आतल्या घडीकडे जास्त आणि कॉर्नियाकडे येताना फिकट होत जाते. शिरा वेड्यावाकड्या असतात आणि पापणीवरून बोटाने हलवलं की सोबत सरकतात. सिलिअरी लाली उलट: कॉर्नियाभोवती जांभळट कडं, बारीक सरळ शिरा, ज्या सरकत नाहीत. असं कडं दिसलं की 'डोळे आलेत' म्हणून थेंब देऊन घरी पाठवायचं नाही.

| कारण | काय दिसतं | दुखणं आणि दृष्टी | उपचार |
|---|---|---|---|
| जिवाणूंमुळे डोळे येणे | पिवळी चिपडं, सकाळी पापण्या चिकटतात. बाहुली नॉर्मल | किचकिच, टोचल्यासारखं. चिपड पुसलं की दृष्टी नॉर्मल | मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५%, दिवसातून ४ वेळा, ७ दिवस. टॉवेल वेगळा |
| विषाणूंमुळे डोळे येणे | पाणी गळतं, कानापुढची गाठ सुजते, दुसरा डोळाही काही दिवसांत | जळजळ. दृष्टी सहसा नॉर्मल | थंड शेक, कृत्रिम अश्रू. स्टिरॉइड नको |
| ॲलर्जी | तारेसारखा चिकट स्राव, दोन्ही डोळे | दुखत नाही, खाज फार | ओलोपॅटाडिन ०.१%, दिवसातून २ वेळा. डोळे चोळणं बंद |
| कंजंक्टिव्हाखालचा रक्तस्राव | एकसंध गडद लाल डाग, कडा स्पष्ट | दुखत नाही, दृष्टी नॉर्मल | औषध लागत नाही, २ ते ३ आठवड्यांत जातो, बीपी बघा. मार लागल्यावरचा असून मागची कड दिसत नसेल तर रेफर |
| जिवाणूंचा कॉर्नियल अल्सर | ओलसर पिवळट-पांढरा डाग, रंग धरतो, हायपोपिऑन | खूप दुखतं, उजेड सहन होत नाही. दृष्टी कमी | दर तासाला फोर्टिफाइड सेफाझोलिन ५% आणि टोब्रामायसिन १.३६% |
| बुरशीचा कॉर्नियल अल्सर | कोरडा करडा डाग, पिसासारख्या कडा, शेजारी छोटे डाग | डागाच्या मानाने दुखणं कमी. दृष्टी कमी | नॅटामायसिन ५% दर तासाला. स्टिरॉइड कधीही नाही |
| तीव्र आयरायटिस | सिलिअरी लाली. बाहुली लहान, वाकडी | खोल दुखतं, उजेडाने वाढतं. दृष्टी धूसर | रंग लावून अल्सर नाही हे बघून प्रेडनिसोलोन ॲसिटेट १% दर तासाला, होमॅट्रोपिन २% |
| तीव्र काचबिंदू | धुरकट कॉर्निया, बाहुली अर्धी मोठी, उभट, न हलणारी, डोळा दगडासारखा | असह्य, अर्धं डोकं, उलट्या, दिव्याभोवती वलयं | खाली पाहा, तातडी |
| स्क्लेरायटिस | जांभळट, हात लागला तरी दुखतं | खोल, रात्री उठवणारं | पोटातून दुखणं-सूज कमी करणारं औषध, संधिवात तपासा, रेफर |

रासायनिक इजा तक्त्यात घातली नाही, कारण तिथे निदान जुळवत बसायला वेळ नसतो. आपल्याकडे खर्ऱ्यासाठी घरात ठेवलेली चुन्याची पुडी पोराच्या हातात फुटते आणि सगळा चुना डोळ्यात जातो. चुना अल्कली आहे, पेशी विरघळवत आत शिरत राहतो. दृष्टीसुद्धा नंतर तपासा. सुन्न करणारा एक थेंब टाका, सलाइनचा सेट लावून किमान ३० मिनिटं धुवा, वरची पापणी उलटून घडीत अडकलेले चुन्याचे कण ओल्या कापसाच्या काडीने काढा. कण राहिला तर धुणं वाया जातं. लिटमस ७ ते ७.४ च्या आसपास येईपर्यंत थांबू नका.

बुरशीचा अल्सर. आपल्या भागात लाल डोळ्यातली सर्वांत मोठी चूक इथेच होते. सोयाबीनच्या मळणीत कुटार उडतं, तुरीच्या कापणीत तुराटी लागते, पऱ्हाटी उपटताना काडी बसते. फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस वनस्पतीच्या काडीकचऱ्यासोबत कॉर्नियात जातात. सुरुवातीला दुखणं सहन होण्याइतकं असतं म्हणून पेशंट गावात थेंब आणून टाकतो. त्या थेंबात स्टिरॉइड असेल तर दोन दिवस लाली कमी होते, आराम वाटतो आणि खाली बुरशी मोकाट वाढते. म्हणून प्रत्येक लाल डोळ्याला विचारा: "डोयात काही गेलं होतं का? कोणते थेंब टाकले? बाटली आणली का?" बाटली मागाच. नाव बहुतेकांना सांगता येत नाही.

फ्लुओरेसीनची पट्टी सलाइनच्या एका थेंबाने ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवा, निळ्या उजेडात बघा. हिरवं चमकलं तर तिथलं आवरण गेलेलं आहे. सोय असेल तिथे अल्सरची कड खरवडून १०% केओएचमध्ये काच तयार करा. बुरशीचे धागे दिसले की उपचार ठरला. नॅटामायसिन सस्पेन्शन आहे, औषध तळाशी बसतं. बाटली हलवली नाही तर वरचं पाणीच डोळ्यात पडतं. हे पेशंटला करून दाखवा. हे औषध कॉर्नियात खोल जात नाही, त्यामुळे आठवड्यांनी बरं होतं, दिवसांनी नाही. पट्टी बांधू नका.

फोर्टिफाइड थेंब औषधालयात तयार मिळत नाहीत. टोब्रामायसिन ०.३% च्या ५ मिली बाटलीत ८० मिलीग्रॅमचं २ मिली इंजेक्शन घाला, १.३६% तयार. सेफाझोलिनची ५०० मिलीग्रॅमची व्हायल एकूण १० मिलीत विरघळवली की ५%. दोन्ही फ्रिजमध्ये, बाटलीवर तारीख. दोन थेंबांमध्ये ५ मिनिटं अंतर, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो.

आयरायटिस की काचबिंदू. दोन्हींत लाली सारखी, दुखणं सारखं, आणि औषधं एकमेकांच्या विरुद्ध. काचबिंदूला ॲट्रोपिन टाकलं तर कोन आणखी बंद होतो. बाहुली निकाल देते: लहान-वाकडी म्हणजे आयरायटिस, अर्धी मोठी-उभट म्हणजे काचबिंदू. उलट्या आणि डोकेदुखीमुळे हा पेशंट मेडिसिनच्या वॉर्डात पित्त म्हणून दाखल होतो आणि डोळ्यावर टॉर्च कुणी मारत नाही. दोन्ही डोळे मिटवून तर्जन्यांनी आळीपाळीने दाबून बघा. दगडासारखा डोळा हाताला लगेच कळतो.

सल्फाची ॲलर्जी विचारून ॲसिटाझोलामाइड ५०० मिलीग्रॅम, टिमोलोल ०.५% (दमा असेल तर नको). किडनी आणि हृदय ठीक असेल तर २०% मॅनिटॉल, किलोला १ ग्रॅम, ३० ते ४५ मिनिटांत. ५० किलोच्या बाईला २५० मिली. दाब उतरल्यावरच पायलोकार्पिन २%, कारण फार वाढलेल्या दाबात बाहुलीचा स्नायू प्रतिसादच देत नाही. मग दोन्ही डोळ्यांना लेझर इरिडॉटॉमी. दुसऱ्या डोळ्याचा कोनही तसाच अरुंद असतो, हे नातेवाइकांना त्याच वेळी सांगा.

रेफर चिठ्ठीवर एवढं हवंच: प्रत्येक डोळ्याची दृष्टी, बाहुली, रंग धरला का, कोणता थेंब किती वाजता टाकला, आधी स्टिरॉइड गेलं होतं का. एसटीने जिल्ह्याला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. थेंबांची बाटली सोबत द्या आणि रस्त्यातही तासातासाने टाकायला नातेवाइकाला बजावून सांगा.