सातवी ब, १९८४

वर्गाच्या फोटोवरची घडी आकाशापासून तिरकी, सगळ्या रांगांवरून गेली होती. वरच्या कोपऱ्यात बुरशीचे ठिपके, खाली पाण्याचा डाग. कृष्णधवल फोटो पार पिवळा पडला होता.

"फ्रेममधून काढ, पण काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस," कुलकर्णीबाई म्हणाल्या. फोटो अलगद सुटला. ओमने तो खिडकीपाशी सपाट ठेवला आणि फ्लॅश बंद करून, मोबाइल बरोबर वर धरून टिपला.

"आजी, हे स्नॅपसीड. यातलं हीलिंग घे. डागावर बोट टेकव."

बाईंनी बोट टेकवलं. डाग गेला, पण शेजारच्या मुलीच्या वेणीचा तुकडाही गेला.

"अगं, आधी दोन बोटांनी फोटो मोठा कर. जितका मोठा, तितका ब्रश बारीक. आजूबाजूचं उचलूनच ते डाग झाकतं ना! चुकलं तर हा उलटा बाण."

बाई सरसावून बसल्या. भिंतीवरचे ठिपके भराभर गेले, आकाशातली घडी गेली. शर्टांवर मात्र वेळ लागला. एकेका बटणापाशी थांबून त्या घडी टिचभर टिचभर पुसत होत्या आणि प्रत्येक चेहऱ्यापाशी पुटपुटत होत्या. "सुनंदा. पाढे तोंडपाठ, पण फळ्यापाशी आली की गप्प. हा वसंत, वही कधीच पुरी नाही..."

"दे, मी पटकन करतो," म्हणत ओमने मोबाइल घेतला आणि वसंतच्या भुवईवरची रेघ एका बोटासरशी उडवली.

"अरे थांब! बाण दाब, बाण!"

"ओरखडा होता तो."

"ओरखडा नाही, खूण आहे. घंटा वाजवायला पळताना पायरीवर आपटला होता. रक्त थांबेपर्यंत मी रुमाल दाबून धरला होता. राहू दे ती."

रेघ परत आली. ओम मुकाट्याने बाजूला बसला.

शेवटच्या रांगेत एका मुलाच्या अर्ध्या चेहऱ्यावरून घडी गेली होती. बाईंनी तिथे बोट टेकवलं, तर शेजाऱ्याचा कान याच्या गालावर आला. बाण. पुन्हा केलं, तर डोळाच पुसट झाला. बाण.

"दुसरं एक ॲप आहे आजी. नवा चेहरा करून देतं. अगदी स्वच्छ."

"कुणाचा चेहरा?"

ओमला उत्तर सुचेना. बाईंनी चष्मा पुसला आणि तो कोपरा पुन्हा मोठा केला. एक डोळा, अर्धं हसू, वर केलेली कॉलर.

"प्रकाश. प्रकाशच हा. घडी राहू दे त्याच्यावर, ओळखू येतोय." त्यांनी फोटो जतन केला. "मूळ फोटो आहे ना तसाच? बरं. आता खाली नावं कशी लिहायची, ते दाखव. पहिल्या रांगेपासून सांगते."